ट्रेडिंगची डायरी: चार्टचा स्क्रीनशॉट, एंट्रीचं कारण आणि मनाची अवस्था – खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव अशा गावांतून नोकरी-दुकान सांभाळून ट्रेडिंग करणारे बरेच जण डायरीबद्दल विचारतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः शेअर्सच्या इंट्राडे सौद्यांना धरून आहेत, कारण डायरीची खरी परीक्षा तिथेच होते: वेळ कमी, निर्णय पुष्कळ, आणि संध्याकाळपर्यंत सकाळचं काही आठवत नाही.

ब्रोकरच्या ॲपमध्ये सगळे सौदे दिसतातच. मग वेगळी डायरी कशाला?

ॲपमधल्या ट्रेडबुकात काय घेतलं, किती घेतलं, कोणत्या भावाला आणि कोणत्या सेकंदाला, एवढं असतं. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही तेच, वर दलाली आणि कर. का घेतलं, हे त्यात कुठेच नसतं. समोर चार्ट कसा दिसत होता आणि त्या वेळी तुमचं डोकं कुठे होतं, हेही नसतं. या तीन गोष्टी तुम्ही टिपल्या नाहीत तर कायमच्या गेल्या.

ट्रेडबुक निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. डायरीत लिहिलेलं खरं आहे की नाही, हे तपासायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. पुढे चाळीसगावच्या उदाहरणात ते दिसेल.

किती रकाने ठेवायचे? माझ्या एक्सेलमध्ये तीस झालेत.

तीस रकान्यांची वही पहिला आठवडा उत्साहाने भरली जाते आणि दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. सुरुवातीला इतकं पुरे: तारीख आणि वेळ, शेअर, घेतला की विकला, एंट्री भाव, सुरुवातीचा स्टॉपलॉस, बाहेर पडल्याचा भाव, कारण, मनाची अवस्था आणि स्क्रीनशॉटच्या फाइलचं नाव. नफा-तोट्याचा रकाना सूत्राने आपोआप भरतो.

कागदाची वही चालेल का, असंही विचारतात. चालेल. हाताने लिहिणाऱ्याचं कारण जास्त प्रामाणिक उतरतं असं माझं मत आहे. पण महिनाअखेरीला चाळण लावायला शीट बरी पडते, म्हणून सकाळी वहीत आणि संध्याकाळी शीटमध्ये, असं केलंत तर दोन्ही साधतं.

कारण सौद्याच्या आधी लिहायचं की नंतर? घाईत वेळ कुठे असतो?

आधी. या पानावरची एकच गोष्ट पाळायची म्हणाल तर हीच पाळा. दुकानदार उधारी गिऱ्हाईक समोर असतानाच वहीत मांडतो, रात्री आठवून मांडत नाही, तसंच हे आहे.

सौदा संपल्यावर लिहिलेलं कारण निकालाला साजेसं होतं. नफा झाला तर "ब्रेकआउट होता, व्हॉल्यूमही होतं" असं आठवतं. तोटा झाला तर "मार्केटच खराब होतं" असं आठवतं. यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही. शेवट कळल्यावर आठवण स्वतःला दुरुस्त करून घेते, आणि अशा दुरुस्त नोंदींची वही वर्षभर भरली तरी तिच्यातून काही शिकता येत नाही.

वेळेचं म्हणाल तर दोन वाक्यं लागतात. पहिल्यात काय दिसलं आणि ते कोणत्या भावावर. दुसऱ्यात कोणत्या भावाला हे चुकलं असं मी मानेन. उदाहरणार्थ: "पहिल्या पंधरा मिनिटांचा उच्चांक 411.60, पाच मिनिटांची कॅण्डल त्याच्या वर बंद. 408 च्या खाली गेलं तर चुकलं." टाइप करायला अर्धा मिनिट लागतो. टाइप करणं जमतच नसेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा, संध्याकाळी उतरवून घ्या. फाइलवर वेळ आपोआप पडते. ज्या सौद्याला अर्ध्या मिनिटाचाही उशीर परवडत नाही, तिथे कारण लिहायला वेळ नाही म्हणून नव्हे, तर बहुधा कारणच नाही म्हणून लिहिलं जात नाही.

"चार्ट चांगला वाटला", "वर जाईल असं वाटलं", "ट्रेंड मजबूत" ही कारणं नव्हेत. कारणात भाव असला पाहिजे आणि दुसऱ्या माणसाने तोच चार्ट बघून "हो, हे झालंय" किंवा "नाही, झालेलं नाही" असं सांगता आलं पाहिजे.

स्क्रीनशॉट किती आणि कधी काढायचे?

दोन. पहिला ऑर्डर टाकण्याच्या क्षणी, दुसरा बाहेर पडल्यावर. वाटलं तर तिसरा बाजार बंद झाल्यावर, पूर्ण दिवसाचा.

पहिल्याला पर्याय नाही. संध्याकाळी चार्ट उघडून, एंट्रीच्या जागी बाण काढून घेतलेला स्क्रीनशॉट दिसायला नीटनेटका असतो, पण त्याच्या उजवीकडे पुढचं सगळं दिसत असतं. तुम्ही निर्णय घेतला तेव्हा उजवीकडे कोरी जागा होती. ती कोरी जागाच जपून ठेवायची आहे.

दुसरं कारण तांत्रिक आहे. फुकटच्या चार्टवर पाच मिनिटांचा जुना डेटा फार मागचा मिळत नाही. काही महिन्यांनी त्या दिवसाच्या कॅण्डल बघू म्हटलं तर दिसतीलच असं नाही. शिवाय बोनस किंवा स्प्लिट झाला की चार्टवरचे जुने भाव नव्या हिशोबाने बदलतात. एकास एक बोनस झाला तर तुमच्या डायरीतली 412 ची एंट्री चार्टवर 206 च्या आसपास दिसेल आणि तुम्ही गोंधळून जाल. स्क्रीनशॉटमध्ये मात्र 412 च राहतो.

विंडोजवर `Win+Shift+S` दाबून हवा तेवढा भाग कापता येतो. `Win+PrtSc` दाबलं की पूर्ण स्क्रीन थेट `Screenshots` फोल्डरमध्ये साठते. घाईच्या वेळी दुसरं बरं, कारण काही निवडावं लागत नाही. फाइलचं नाव संध्याकाळी बदला. तारीख उलटी लिहिलीत, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तर फाइली आपोआप क्रमाने लागतात:

```
2025-03-12_0953_BUY_1-entry.png
2025-03-12_1006_BUY_2-exit.png
```

स्क्रीनशॉटमध्ये काय दिसायलाच हवं?

शेअरचं नाव, टाइमफ्रेम, तारीख-वेळेची खालची पट्टी, भावाची उजवी पट्टी, आणि ज्या रेषेवरून तुम्ही निर्णय घेतला ती रेषा. मोबाईलवर काढताना खालची पट्टी ऑर्डरच्या बटणांमागे झाकली जाते, ते बघून घ्या. तुम्ही तीन इंडिकेटर बघून सौदा घेतला आणि स्क्रीनशॉट कोऱ्या चार्टचा काढला, तर तो तुमच्या निर्णयाचा पुरावा होत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: चालू कॅण्डल बंद व्हायला किती वेळ उरला, त्याचं घड्याळ. ट्रेडिंगव्ह्यूवर भावाच्या पट्टीच्या सेटिंगमध्ये `Countdown to bar close` नावाची खूण आहे, ती चालू करा. सध्याच्या भावाच्या खाली 01:22 असा उलटा आकडा पळताना दिसतो आणि स्क्रीनशॉटमध्ये गोठतो. हा आकडा किती कामाचा आहे, ते पुढच्या उत्तरात येईल.

एखादा सौदा उलगडून सांगाल का?

समजा चाळीसगावचा एक कापड दुकानदार आहे. दुकान दहाला उघडतं, म्हणून तो सव्वानऊ ते दहा एवढाच वेळ बाजार बघतो. त्याची पद्धत साधी आहे: 9:15 ते 9:30 या पंधरा मिनिटांचा उच्चांक धरायचा, आणि पाच मिनिटांची कॅण्डल त्याच्या वर बंद झाली तर घ्यायचं. एका सौद्यात हजार रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत, हाही नियम आहे.

एका सकाळी शेअरचा पंधरा मिनिटांचा उच्चांक 411.60 आहे. त्याच्या डायरीत लिहिलंय: "पाच मिनिटांची कॅण्डल 411.60 च्या वर बंद. एंट्री 412. स्टॉप 408, आधीच्या कॅण्डलचा तळ. 250 शेअर." जोखीम चार रुपये गुणिले 250, म्हणजे बरोबर हजार. मनाच्या रकान्यात: "काल हाच शेअर माझ्याशिवाय वर गेला. दहा वाजत आले. हात बटणावर आधीच आहे." सव्वातेरा मिनिटांनी भाव 408 ला येतो आणि तो हजार रुपये गमावून बाहेर पडतो.

आठवणीवर सोडलं असतं तर ही गोष्ट अशी राहिली असती: "ब्रेकआउट फेल गेला. ही पद्धत चालत नाही." असे चार-पाच झाले की माणूस पद्धत बदलतो आणि नवीन कोर्स घेतो.

आता डायरी, स्क्रीनशॉट आणि ट्रेडबुक शेजारी ठेवा. कारणात लिहिलंय "कॅण्डल बंद". ट्रेडबुकात ऑर्डरची वेळ 9:53:38. पाच मिनिटांच्या कॅण्डल 9:50, 9:55, 10:00 अशा बदलतात. म्हणजे 9:53 ला कोणतीच कॅण्डल बंद होत नव्हती. स्क्रीनशॉटमध्ये उलट्या घड्याळाचा आकडा 01:22 आहे, तोही तेच सांगतो. दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये ती कॅण्डल पूर्ण झालेली दिसते: बंद 410.90. म्हणजे 411.60 च्या खाली. ब्रेकआउट फेल गेला नाही, तो झालाच नव्हता. ज्या सौद्याचा तोटा पद्धतीच्या खात्यावर पडणार होता, तो पद्धतीत बसतच नव्हता.

आणि मनाचा रकाना वाचला की घाई कुठून आली तेही कळतं. कालचा सुटलेला सौदा आणि दहा वाजताचं दुकान.

कारण, स्क्रीनशॉट आणि मनाची नोंद, यांतली एक जरी नसती तरी हे सगळं सापडलं नसतं. फक्त कारण असतं तर ते खरं वाटलं असतं. फक्त स्क्रीनशॉट असता तर का घाई केली ते समजलं नसतं. फक्त "घाई झाली" एवढंच लिहिलं असतं, तर त्या घाईने नेमकं काय बिघडवलं याचा पत्ता लागला नसता.

मनाची अवस्था कशी लिहायची? मी रोज "कॉन्फिडंट" लिहितो.

विशेषणं लिहू नका. "कॉन्फिडंट", "नॉर्मल", "थोडी भीती" हे शब्द महिनाभर सारखेच येतात आणि त्यांच्यातून काही वेगळं काढता येत नाही. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारं आणि शरीराला जाणवणारं लिहा. रात्री किती तास झोप झाली. आधीचा सौदा काय झाला. ऑर्डरचं बटण किती वेळा दाबता दाबता थांबलो. भाव दर सेकंदाला बघतोय का. घरात कोणाशी बोलाचाली झाली का. डोक्यात कोणतं वाक्य घोळतंय.

ते वाक्य आपल्या बोलीत लिहा. घरात अहिराणी असेल तर अहिराणीत. "डोकं फिरी गयं" हे तीन शब्द जे सांगतात, ते "इमोशनली डिस्टर्ब्ड" लिहून येत नाही, आणि आपल्या बोलीत माणूस स्वतःला कमी फसवतो असं मला ठामपणे वाटतं.

याशिवाय एक आकडा ठेवा: "आत्ता सौदा घेतलाच पाहिजे" ही ओढ 1 ते 5 मध्ये किती? एक म्हणजे सुटला तरी चालेल, पाच म्हणजे सुटला तर दिवस खराब जाईल. हा आकडा ऑर्डरच्या आधी टाका. नंतर टाकलेला आकडा निकालाचा असतो, मनाचा नसतो.

आपल्याकडच्या दोन गोष्टीही नोंदवाव्यात, हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो; दुपारी पंख्याखाली, कूलर बंद पडलेल्या खोलीत बसून घेतलेले निर्णय सकाळच्या निर्णयांसारखे नसतात. आणि लाईट जाणं. लाईट गेली, वायफाय गेलं, मोबाईलच्या डेटावर सौदा सांभाळला, असं असेल तर लिहा. नंतर त्या सौद्यांची वेगळी बेरीज करून बघता येते.

R म्हणजे काय? रुपयांत का नाही लिहायचं?

R म्हणजे त्या सौद्यात गमवायला तयार झालेली रक्कम. वरच्या उदाहरणात हजार रुपये म्हणजे 1R. स्टॉप लागला तर उणे 1R. 420 ला विकलं असतं तर आठ रुपये मिळाले असते, म्हणजे अधिक 2R. कधी 250 शेअर, कधी 80, असं असलं की रुपयांतले आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत, R मध्ये येतात.

शीटमध्ये D मध्ये एंट्री, E मध्ये स्टॉप, F मध्ये एक्झिट असेल तर G मध्ये R साठी:

```
=(F2-D2)/(D2-E2)
```

आधी विकून नंतर घेतलेल्या सौद्यालाही हेच सूत्र चालतं, चिन्ह बदलावं लागत नाही. फक्त E मध्ये सुरुवातीचाच स्टॉप लिहा. सौदा चालू असताना स्टॉप वर सरकवला आणि तोच नवा भाव इथे टाकला, तर सगळा हिशोब बिघडतो. सूत्रातून कधी उणे 1.6 आला तर बहुधा स्टॉप काढून टाकला होता किंवा लांबवला होता. तो आकडा शोधूनच काढा.

दलाली आणि कर यात धरायचे का?

R सूत्रात नको, महिन्याच्या बेरजेत हवेतच. एका ऑर्डरला जास्तीत जास्त 20 रुपये दलाली घेणाऱ्या ब्रोकरकडे वरच्यासारखा लाखाचा इंट्राडे सौदा करून बाहेर पडलात, तर दोन्ही बाजूंची दलाली, विक्रीवरचा 0.025 टक्के एसटीटी, एक्स्चेंजचा आकार, खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी आणि 18 टक्के जीएसटी मिळून सुमारे 80 रुपये जातात. एका सौद्याला किरकोळ वाटतं. पुढचं उत्तर वाचा.

महिनाअखेरीला डायरीचं काय करायचं? नुसती वाचून काढायची का?

वाचून काही होत नाही, चाळावी लागते. एकच प्रश्न घ्या आणि सौद्यांचे दोन ढीग करा.

चाळीसगावच्या दुकानदाराकडे वळू. समजा महिन्यात त्याचे 24 सौदे झाले. तो प्रत्येक सौद्याचा पहिला स्क्रीनशॉट आणि ट्रेडबुकातली वेळ बघतो आणि एक नवा रकाना भरतो: "कॅण्डल बंद झाल्यावर घेतला का?" हो किंवा नाही. 15 ठिकाणी हो, 9 ठिकाणी नाही. तो रकाना H मध्ये असेल, तर त्या दोन ढिगांची R मध्ये बेरीज:

```
=SUMIFS(G2:G25,H2:H25,"हो")
=SUMIFS(G2:G25,H2:H25,"नाही")
```

पहिला ढीग अधिक 3.4R, दुसरा उणे 5.1R. एकूण उणे 1.7R, म्हणजे 1700 रुपये तोटा, आणि 24 सौद्यांचा खर्च 80 रुपयांप्रमाणे 1920. महिना 3620 रुपयांनी खाली. फक्त पहिलाच ढीग असता तर 3400 मधून 1200 खर्च जाऊन 2200 रुपये वर राहिले असते.

इथे थांबलं तर धडा "घाई करू नका" असा निघेल, आणि त्याचा उपयोग शून्य, कारण हे त्याला आधीच माहीत होतं. म्हणून आता दुसऱ्या ढिगातल्या नऊ सौद्यांचे मनाचे रकाने ओळीने वाचायचे. नऊपैकी सात ठिकाणी दहा वाजत आल्याचा उल्लेख आहे: "दहा वाजत आले", "दुकानाची चावी माझ्याकडे", "आज एकही सौदा नाही अजून". सातही सौदे 9:45 नंतरचे.

म्हणजे हा लोभ नव्हता आणि भीतीही नव्हती. शटरची वेळ होती. यावर ध्यान करून किंवा शिस्तीच्या शपथा घेऊन काही होणार नाही. नियम वेळेचा हवा. 9:45 नंतर नवीन सौदा नाही, आणि ऑर्डरची खिडकी कॅण्डल बंद झाल्याची सूचना मोबाईलवर वाजल्यावरच उघडायची. ट्रेडिंगव्ह्यूवर अलर्ट लावताना `Once per bar close` निवडलं की सूचना कॅण्डल पूर्ण झाल्यावरच येते. पुढच्या महिन्यात हाच रकाना पुन्हा भरायचा.

एका महिन्यात एकच नियम बदला. दोन-तीन एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते सांगता येत नाही.

असे किती सौदे झाल्यावर निष्कर्षावर विश्वास ठेवायचा?

तुमची पद्धत निव्वळ नाणेफेकीसारखी, म्हणजे निम्मे सौदे जिंकणारी आहे असं धरू. अशा 30 सौद्यांत जिंकलेल्यांचं प्रमाण केवळ योगायोगाने 32 टक्क्यांपासून 68 टक्क्यांपर्यंत कुठेही येऊ शकतं. 100 सौद्यांत ती पट्टी 40 ते 60 अशी अरुंद होते. म्हणून "माझी पद्धत चालते का" याचं उत्तर 30 सौद्यांवर देणं चुकीचं आहे, नफा असला तरी आणि तोटा असला तरी. वरच्या 15 आणि 9 च्या बेरजाही पुरावा म्हणून तोकड्याच आहेत.

मग त्या दुकानदाराने नियम का बदलावा? कारण "मी ठरवलं होतं ते केलं का" हा प्रश्न वेगळा आहे. त्याला आकडेशास्त्र लागत नाही. कॅण्डल बंद नव्हती, हे एकाच स्क्रीनशॉटमध्ये सिद्ध होतं. आधी वागणं पद्धतीला जुळवून घ्या. पद्धतीचा निवाडा शंभर जुळलेल्या सौद्यांनंतर करा.

मी टेलिग्रामच्या कॉलवर सौदे घेतो. कारणात काय लिहू?

"कॉल आला" असंच लिहा. लपवू नका. सोबत कॉल किती वाजता आला, तेव्हा भाव काय होता, आणि तुम्हाला कोणत्या भावाला मिळाला, हे तीन आकडे टाका. कॉल 120 ला आला आणि तुम्हाला 124 ला मिळाला, स्टॉप मात्र त्यांचाच 116, तर तुमची जोखीम चार रुपयांची आठ झाली. ग्रुपवर ते "टार्गेट आलं" म्हणतील तेव्हा तुमच्या डायरीत वेगळंच असेल. महिनाभर एवढं लिहिलंत तरी त्या ग्रुपबद्दल पुरेसं कळेल. आणि पैसे भरण्याआधी देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक बघा: रिसर्च ॲनालिस्टचा INH ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा INA ने सुरू होतो.

मी जळगावचा सराफ आहे. एमसीएक्सवर सोन्याचं हेजिंग करतो. तेही डायरीत?

वेगळ्या पानावर. दुकानातल्या सोन्याचा भाव पडला तर भरपाई व्हावी म्हणून विकलेला वायदा एकटा तोट्यात दिसला तरी तो चुकलेला नसतो, कारण तिकडे मालाची किंमत वाढलेली असते. त्याच्या कारणाच्या रकान्यात दुकानातला किती ग्रॅम माल झाकला, ते लिहा. पण झाकायच्या मालापेक्षा जास्त वायदे विकले असतील, तर तो जादा भाग हेज नाही, सट्टा आहे. तो ट्रेडिंगच्या पानावर मनाच्या रकान्यासह आणा. रात्री साडेअकरा, तर हिवाळ्यात बाराला पाच कमीपर्यंत बाजार चालू असतो, तेव्हा झोप आणि दिवसभराचा थकवा नोंदवायला विसरू नका.

आमच्याकडे अमळनेरला आजोबांच्या काळापासून विप्रोचे शेअर आहेत. त्यांची डायरी ठेवू का?

ही कंपनी 1945 साली अमळनेरातच वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झाली, त्यामुळे हा प्रश्न तिकडून नेहमी येतो. अशा गुंतवणुकीला पाच मिनिटांचे स्क्रीनशॉट नकोत. वर्षातून एकदा "हे का ठेवलंय आणि कशामुळे विकेन" एवढं पानभर लिहा. फक्त एक खबरदारी: ट्रेडिंगमध्ये फसलेला शेअर "हा आता लाँग टर्म" म्हणून या पानावर आणू नका. डायरीत पहिलं कारण इंट्राडेचं असेल तर तो सौदा इंट्राडेचाच राहतो.

मोठा तोटा झाला की डायरी उघडावीशी वाटत नाही. काय करू?

त्या दिवशी लिहू नका, फक्त गोळा करा. स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये आहेत ना, ट्रेडबुक उतरवून ठेवलं ना, एवढं बघा आणि लॅपटॉप बंद करा. रकाने शनिवारी भरा, पण "नंतर भरलं" अशी खूण करून. अशा नोंदी चाळणीत वेगळ्या ठेवायच्या, त्यांचं कारण आणि ओढीचा आकडा धरायचा नाही.

मात्र हेही पाहा की रिकाम्या नोंदी कोणत्या दिवसांच्या आहेत. तोट्याच्याच दिवसांच्या नोंदी गळत असतील, तर तुमची डायरी तुमच्यापेक्षा हुशार ट्रेडरची आहे आणि तिच्यातली प्रत्येक सरासरी फसवी आहे. ट्रेडबुकातल्या सौद्यांची संख्या आणि डायरीतल्या ओळींची संख्या महिन्यातून एकदा जुळवा. फरक किती आणि कोणत्या तारखांचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डायरी ठेवली तर नफा होईल का?

डायरीने नफा होत नाही. ज्या पद्धतीत दमच नाही, तिच्यात दम नाही हे ती कमी पैशांत दाखवते. सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2022-23 या वर्षी शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहापैकी सात जणांना तोटा झाल्याचं दिसलं, आणि तोट्यातल्यांचे सौदे सरासरीने नफ्यातल्यांपेक्षा जास्त होते. कारण लिहिल्याशिवाय ऑर्डर नाही, हा नियम पाळणाऱ्याचे सौदे कमी होतात, एवढं मी अनेकांच्या वह्यांत पाहिलं आहे. शंभर जुळलेले सौदे होऊनही बेरीज उणेच असेल, तर डायरीचं उत्तर "थांबा" असं आहे, आणि ते मानलं पाहिजे.

डायरी दुसऱ्या कोणाला दाखवावी का?

एकाला दाखवा, ज्याला तुमच्या नफ्या-तोट्याशी देणंघेणं नाही पण चार्ट वाचता येतो. त्याला निकाल झाकून फक्त पहिला स्क्रीनशॉट आणि कारण द्या आणि विचारा, "हे लिहिलंय ते चार्टवर दिसतंय का?" कॅण्डल बंद नसल्याचं अशा माणसाला चटकन दिसतं. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी क्लायंट आयडी, खात्यातली शिल्लक आणि होल्डिंग झाका. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं चित्र कुठवर जातं याचा भरवसा नाही. मनाचा रकाना द्यायचा की नाही हे तुमच्यावर आहे. दिलात तर तो वाचून त्याने तुम्हाला फक्त प्रश्न विचारावेत, सल्ला देऊ नये, असं आधीच सांगून ठेवा.